मापाचं भांडं

वॉर्डात सगळे तिला मापवाली सिस्टर म्हणत. रोग्यांची लघवी थेंबाथेंबाने मोजून लिहायची, अशी तिची तीस वर्षांची सवय. घरी मोजायला कोणी नव्हतं. दाराशी चपलांचा एकच जोड, ओट्यावर एकच कप.

तीन नंबरच्या खाटेवर एकटे राहणारे म्हातारे शिंपीकाका आले. सर्दीच्या गोळ्या चार दिवस घेतलेल्या, मग उलट्या. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, खूप चढलेलं. तरुण डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी कमी झालंय. मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही. सलाईन लावा."

दोन बाटल्या गेल्या. भांड्यात लघवी जेमतेम अर्धा कप, आणि काकांना धाप लागू लागली.

"म्हणजे मूत्रपिंडच बिघडलं," डॉक्टर हताश झाले. "डायलिसिसला मोठ्या दवाखान्यात पाठवू. म्हातारा वाटेत टिकला म्हणजे मिळवली."

"डॉक्टर, कोरडा पडलेला माणूस असा नसतो हो," सिस्टर म्हणाली. "जीभ ओली आहे. उठवून बसवलं तरी रक्तदाब पडत नाही. आणि सकाळपासून तीनदा चादर बदललीय मी."

"लघवी होतेय ना मग? अडली असती तर झाली असती का?"

"होत नाहीये, सांडतेय. काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखी."

तिने काकांच्या बेंबीखाली हात ठेवला. टरबुजासारखं टणक. बोटाने ठोकलं, तर आवाज बद्द. काकांनी लाजून तोंड फिरवलं.

"काका, धार किती दिवस बारीक आहे?"

"वर्ष झालं असेल. सांगणार कोणाला? भिंतीला?"

डॉक्टरांनी स्वतः ठोकून पाहिलं, आणि लघवीची नळी मागवली. नळी आत गेली तशी पिशवी भरत राहिली. सव्वा लिटर! लघवीची वाट प्रोस्टेटच्या वाढलेल्या गाठीने आधीच अरुंद झाली होती, सर्दीच्या गोळ्यांनी उरलीसुरली बंद केली.

"सिस्टर, मी पोटाला हातच लावला नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

"आता सलाईन बेताने. लघवी भराभरा सुटेल, तेवढी मोजत राहू."

काका डोळे मिटून होते. "मला कोणाचा हात लागून सात वर्षं झाली असतील," ते पुटपुटले. सिस्टरने पिशवीवरचा आकडा पुन्हा वाचला, गरज नसताना.

सहाव्या दिवशी क्रिएटिनिन बरंच उतरलं. नळीसकट घरी जायची परवानगी मिळाली. न्यायला कोणीच आलं नव्हतं. जाता जाता काकांनी तिच्या बाहीकडे बोट दाखवलं. "बटण लोंबतंय. महिनाभर तरी झाला असेल."

"दोन झाले. कोण बघतंय?"

काकांनी आपल्या कापडी पिशवीतून सुईदोरा काढला. "हात पुढे करा."

तिने मनगट त्यांच्या पुढ्यात धरलं. चार टाके पडेपर्यंत ती हलली नाही, आणि दोरा तुटल्यावरही क्षणभर हात तसाच राहिला.