उण्याची खूण
घाटघरची ती मुलगी आमच्या वर्गात आली आणि माझा पहिला नंबर गेला. तोवर नारायणगावच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या गणिताला माझ्यापुढे कुणी नव्हतं. ती पहाटेची एसटी पकडून जुन्नरला यायची, तिथून जीपने कॉलेजला, आणि तरी तिची गणितं माझ्याआधी सुटलेली असायची. माझ्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं. ती शेजारी बसली की माझी वही मी कोपराने झाकायची, आणि ती मात्र आपली वही माझ्याकडे सरकवायची. त्याचाही मला राग यायचा.

शेवटच्या वर्षी पुण्यात विद्यार्थ्यांचं एक चर्चासत्र होतं. कॉलेजमधून एकालाच पाठवायचं होतं. त्या दिवशी चतुर्थी. वर्गात आम्ही पाच जण, त्यातले तिघे ओझरला दर्शनाला गेलेले. उरलो आम्ही दोघीच. सर म्हणाले, "चला, आजच ठरवून टाकू. शेततळ्यात मासे सोडलेत. तळ्यात जास्तीत जास्त K मासे राहू शकतात. t वेळाने मासे, म्हणजे P, किती होतील ते काढा. आधी तू. अडलीस तर खडू तिच्याकडे, आणि पुणंही तिच्याकडे."

वाढीचा दर r धरून मी फळ्यावर लिहिलं, dP/dt = rP(1 − P/K). मासे थोडे असतील तर झपाट्याने वाढतात, तळं भरत आलं की वाढ मंदावते. P असलेलं सगळं डावीकडे आणलं, dt उजवीकडे. डावीकडे झालं K/(P(K − P)). त्याचे आंशिक अपूर्णांक मला तोंडपाठ होते: 1/P + 1/(K − P). सर मान डोलावत होते. तेवढ्यात शिपाई आला, ऑफिसात बोलावलंय म्हणाला, आणि सर "चालू ठेव" म्हणून गेले.

मी घाईने इंटिग्रेशन केलं आणि लिहिलं, ln P + ln(K − P) = rt + C. पुढे P(K − P) = Ae^(rt). आता P एकटा करायचा. तो काही एकटा होईना. कंस सोडवला तर P चा वर्ग आला. बरं, उजवी बाजू वाढतच जाणार आणि डावी K²/4 च्या वर जाऊच शकत नाही, हे मलाही दिसत होतं. काहीतरी चुकलं होतं, पण कुठे ते कळेना. मागे वळून बघायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. तिच्याकडे बघण्यापेक्षा हरलेलं बरं, असं वाटत होतं.

बाक सरकल्याचा आवाज आला. ती उठून फळ्यापाशी आली, दोन लॉगांमधलं अधिक बोटाने पुसलं आणि तिथे उणे काढलं. "आत P च्या म्होरं उणं हाय ना गं, मंग लॉगबी उणा," एवढं हळू म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मग पुढचं आपोआप झालं. खालच्या दोन ओळी मी पुसल्या. P/(K − P) = Ae^(rt). K − P ने गुणलं, P च्या दोन्ही पदांना एका बाजूला आणलं, भाग दिला: P = KAe^(rt)/(1 + Ae^(rt)). वर-खाली Ae^(rt) ने भागलं, 1/A ला B म्हटलं, आणि आलं P = K/(1 + Be^(−rt)). सुरुवातीला P₀ मासे धरले तर B म्हणजे (K − P₀)/P₀. वेळ जाईल तसं खालचं पद विरतं आणि P, K कडे जातो. अक्षर माझं सुंदर आहे. फळा छापल्यासारखा दिसत होता.

सर आले आणि एकेक ओळ बघत खाली उतरले. त्या उण्यापाशी बोट ठेवून थांबले. "इथे दरवर्षी सगळे घसरतात. कुठे अडलीस का?"

"नाही सर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत बघत होती. "मग पुण्याला तू," ते मला म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट तिचा आणखीच मत्सर वाटला. स्वतःच्या हाताने पुणं देऊन ती निवांत वही भरत बसली होती. असं मला कधी जमलं नसतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी जुन्नरची, त्यामुळे संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या सीटवर शेजारी शेजारी होतो. शेवटी मीच विचारलं, भांडल्यासारखं, "कशाला आलीस उठून? गप बसली असतीस तर तू गेली असतीस."

"तू अडली व्हती," ती म्हणाली. मग बाहेर बघत, "मला वाटलं, तू सरांना सांगशील."

जुन्नर यायला अजून बराच वेळ होता.