काजळीवर मारलेला रंग

पोखर्णीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या स्वयंपाकघरात फोडणीचं तेल पेटलं. खिचडी रांधणाऱ्या मावशींनी गॅस बंद करून कढईवर ताट झाकलं. जाळ विझला, पण तोवर खिडकीला बांधलेली प्लास्टिकची ताडपत्री जळून गेली होती. इजा कुणालाच झाली नाही. भिंती मात्र छतापर्यंत काळ्या झाल्या, पातेल्यांवर चिकट थर बसला आणि शेजारच्या खोलीतल्या मुलांच्या सतरंज्यांना धुराचा वास लागला.

मुख्याध्यापक म्हणाले, "परवा साहेब तपासणीला येणार आहेत. ओल्या फडक्यानं पुसा आणि रंग मारून घ्या."

"सर, वलं फडकं लावलं की काजळी लय पसरती," मावशी म्हणाल्या. "आदी कोरडी झाडू द्या."

"आग लावली तुम्ही, आणि आता मला शिकवता?"

मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले, याचा राग मला आजही येतो.

रंग मारला. तपासणी पुढं गेली आणि आठ दिवसांत रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर आले, पापुद्रे सुटले. वास तर होताच. मुलं नाक धरून जेवायची. यावर मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशींना भांडी घासताच येत नाहीत, त्याचा वास आहे."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकंच फिरलं. "सर, वास भांड्यांना नाही, तुमच्या रंगाखाली आहे!" मी म्हणाले.

रविवारी आम्ही दोघींनी कामाला हात घातला. तोंडाला ओढणी बांधून सुटलेला रंग खरवडला, मऊ कुंच्यानं काजळी वरून खाली कोरडीच झाडली. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं भिंत खालून वर धुतली, कारण वरून सुरुवात केली की काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीत मुरतात. पाणी किती वेळा बदललं याची गणतीच नाही. मी पातेल्यांनाही तोच सोडा लावायला गेले, तर मावशींनी हात धरला. "न्हाई मॅडम, जर्मनचं भांडं काळं पडंल." ती अ‍ॅल्युमिनियमची पातेली त्यांनी चिंच टाकलेल्या पाण्यात उकळून साबणानं घासली. सतरंज्या बाहेर नेऊन काठीनं झोडपल्या, खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवल्या, मग धुऊन दोन दिवस उन्हात टाकल्या.

भिंत पुरती वाळल्यावरच नवा रंग दिला. डाग पुन्हा आला नाही.

साहेब आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "छान ठेवलंय."

"मी स्वतः लक्ष घालून करून घेतलं," मुख्याध्यापक म्हणाले.

या वेळी मी गप्प बसले नाही. "साहेब, हे मावशींनी केलंय. आणि पहिल्यांदा त्यांचं ऐकलं असतं तर दोनदा रंग लागला नसता."

साहेबांनी मावशींना नमस्कार केला. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला काही फरक पडला नाही.