कुरियरसकट नव्वद
दिल्लीत कुणी ‘फ्री’ म्हटलं की माझा हात आधी पर्सवर जातो. त्यामुळे जाऊबाई म्हणाल्या, आपल्या फुलवातींवर ‘डिलिव्हरी फ्री’ लिहू, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाझियाबादच्या आमच्या घरी सासूबाई वाती वळायच्या आणि आम्ही दोघी जावा त्या ऑनलाइन विकायचो. पाकीट चाळीसचं. त्यावर कुरियरचे सरसकट पन्नास, एक पाकीट घ्या नाहीतर दहा. चाळिसाच्या वस्तूला पन्नास हमाली बघून एकेक पाकीटवाले पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवरून पळायचे. जाऊबाईंचा उपाय सोपा होता: किंमतच नव्वद करायची, कुरियर तिच्यातच. मी नाइलाजाने मान डोलावली. सुटी गिऱ्हाइकं खरंच वाढली, त्याचा मला थोडा रागच आला.

मग एका दुपारी सरोजिनी नगरच्या एकाच गल्लीतून दहा ऑर्डरी आल्या. दहा सरकारी क्वार्टर, प्रत्येकी एक पाकीट, पैसे पार्सल हातात पडल्यावर. जाऊबाई खूश. मला मात्र यात काळंबेरं दिसलं. पार्सलं घेतलीच नाहीत तर जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आमच्या बोडक्यावर. कुणीतरी मुद्दाम बुडवायला निघालंय, अशी माझी खात्रीच झाली.

त्याच गल्लीत आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू राहायच्या. पूर्वी सगळ्या शेजारणींची दहा पाकिटं त्या एकदम मागवायच्या. कुरियर एकच, म्हणून प्रत्येकीला पंचेचाळिसात पडायचं. मी त्यांना फोन करून विचारलं, या बायका खऱ्या आहेत ना?

काकू म्हणाल्या, “खऱ्या आहेत. मीच सांगितलं त्यांना, आपापलं मागवा. पंचेचाळीसचं पाकीट एकदम नव्वद झालं म्हटल्यावर त्या माझ्याकडे कशा बघायला लागल्या, तुला काय सांगू. वरचे पैसे मीच खाते, असं वाटलं त्यांना.”

पाकिटागणिक कुरियर आम्ही घेत होतो आणि चोर काकू ठरल्या होत्या.

त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी न भांडता दहा पाकिटांचा संच टाकला: साडेचारशे, कुरियर त्यातच, पण एकदाच. सुटं पाकीट नव्वदलाच ठेवलं. मी उत्साहाने काकूंना कळवलं, आता पुन्हा पंचेचाळिसात पडेल, पहिल्यासारखं एकत्र मागवा.

“चलो, बरं झालं. मागवू की,” काकू म्हणाल्या. “पण पार्सल माझ्याकडे नको. समोरच्या क्वार्टरवालीकडे पाठव. पैसेही तीच गोळा करील.”