दोन इंची की तीन इंची

माझ्या धंद्यात माणसांच्या शिस्तीवर विसंबून चालत नाही, त्यांच्या बेशिस्तीवर विसंबावं लागतं. इमारतीत पाण्याच्या लाइनी किती जाड असाव्यात हे मी ठरवून देते. डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांचं माझं ऑफिस आहे. लॉज, शाळा, छोटे दवाखाने, अशी कामं येतात. लोकांना वाटतं, यात काय ठरवायचं? जितके नळ तितकं पाणी, आणि तेवढा पाइप. पण कुठल्याही इमारतीत सगळे नळ एकाच वेळी उघडत नाहीत. एकजण दाढी करत असतो, दुसरा अजून झोपलेला असतो, तिसरी फोनवर बोलत बसलेली असते. सगळे नळ उघडे धरून पाइप घातला तर तो उगाच जाड होतो, आणि वर्षभर त्यातलं पाणी रेंगाळत राहतं.

यासाठी आमच्याकडे तक्ता आहे. प्रत्येक उपकरणाला त्यात गुण दिलेले असतात, त्यांना लोडिंग युनिट म्हणतात. मी वापरते त्या तक्त्यात फ्लशच्या टाकीला दोन, बेसिनला दीड, शॉवरला तीन. नळातून पाणी किती येतं, एकदा उघडला की किती वेळ चालतो आणि पुन्हा किती वेळाने उघडतो, या तिन्हींचा हिशेब त्या गुणात मुरलेला असतो. गुणांची बेरीज करायची, आलेखावर बोट ठेवायचं आणि सेकंदाला किती लिटर लागतील ते वाचायचं. मला हा आलेख फार आवडतो. बेरीज वाढत जाते तशी त्याची रेघ वाकत जाते, कारण माणसं जितकी जास्त तितकी त्या सगळ्यांनी एकाच वेळी तीच गोष्ट करण्याची शक्यता कमी.

बोर्डीला चिकूच्या वाडीत एक हॉटेल बांधलं जात होतं. तीन मजले, मजल्यावर आठ खोल्या. प्रत्येक खोलीत गीझर, त्यामुळे गरम पाणीसुद्धा त्याच थंड लाइनीतून जाणार. खोलीला साडेसहा युनिट, चोवीस खोल्यांची एकशे छप्पन. आलेखावर सेकंदाला दोन लिटरच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतून निघणारी मुख्य लाइन दोन इंची. पाणी त्यातून सेकंदाला एक मीटर वेगाने जाईल, आवाज नाही, दाब फारसा वाया जाणार नाही. मी उलटीकडूनही ताळा केला. गर्दीच्या दीड तासात एक शॉवर आठ मिनिटं चालला, तर कुठल्याही क्षणी तो चालू असण्याची शक्यता अकरात एक. चोवीसपैकी सरासरी दोन चालू, आणि सहाच्या वर क्वचितच. सहा शॉवर, वर थोडी बेसिनं आणि फ्लश. पुन्हा दोनच लिटर. आकडे असे जुळून आले की मला जेवणसुद्धा जास्त गोड लागतं.

लाइन टाकणारे मिस्त्री सायवनकडचे. पन्नाशीचे, वारली, या किनाऱ्यावरच्या निम्म्या लॉजचे नळ त्यांच्या हातचे. ड्रॉइंग बघून ते म्हणाले, "ताई, ही वरची लाइन तीन इंची करा."

"कशाला?"

"माणसं समुद्रावरून येतात ती एकदम येतात. भरती असते तोवर पाण्यात खेळतात. पाणी मागे गेलं की पायाला चिखल लागतो, मग सगळी निघतात. अंगभर रेती. खोलीत शिरली की पहिलं काम, शॉवर."

मी त्यांना तक्ता दाखवला. शक्यता म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगितलं, जरा जास्तच सोप्या शब्दांत. आज ते आठवलं की माझं मलाच लाजिरवाणं वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पुस्तकात आहे म्हणजे असेल," असं म्हणून दोन इंची लाइन टाकली. काम नेहमीसारखंच सुबक केलं.

हॉटेल उघडलं. पहिले काही आठवडे अर्ध्या खोल्या रिकाम्या, तक्रार नाही. मग एका शनिवारी सगळ्या चोवीस खोल्या भरल्या. भरती दुपारी होती. साडेपाचच्या सुमाराला मालकांचा फोन आला. वरच्या मजल्यावर पाण्याचा थेंब नाही, लोक साबण लावून उभे आहेत, एक बाई टॉवेल गुंडाळून जिन्यात येऊन भांडतेय. तळमजल्यावर मात्र पाणी धो धो. "मिस्त्रीने लाइनीत कचरा ठेवला आहे, मॅडम," मालक म्हणाले. मूळ गुजरातचे, मराठी चांगलं बोलायचे, पण रागावले की भाषा सरमिसळ व्हायची. "मागची बिल्डिंग आता त्याला नाही. उंबरगावचा माणूस बोलावतो. आणि इथे सगळ्या हॉटेलवाल्यांना पण सांगतो."

मागे तेवढ्याच खोल्यांची दुसरी इमारत उभी राहत होती. ती गेली असती तर मिस्त्रींचं वर्षभराचं काम गेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं असतं. घोलवडपासून डहाणूपर्यंत या माणसाकडे दुकान नाही, पाटी नाही. त्याला जे काम मिळतं ते नावावरच.

फोन ठेवला आणि मी कागद घेतला. चोवीसपैकी वीस शॉवर एकदम, सेकंदाला चार लिटर. त्याच पाइपात वेग दुप्पट. वेग दुप्पट झाला की घर्षणात वाया जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. टाकीचा तळ आणि वरच्या मजल्याचा शॉवर यांच्यातली उंची जेमतेम तीन मीटर. तेवढा सगळा दाब गच्चीवरची लाइनच खाऊन टाकणार. खालच्या मजल्यांना उंचीचा फायदा मिळणार, वरच्यांना नुसती हवा. मग मी तक्ता पुन्हा काढला. त्याच्या खाली बारीक अक्षरात टीप होती: जिथे सगळे जण एकाच वेळी पाणी वापरतात तिथे हे गुण लावू नयेत, प्रवाहांची सरळ बेरीज करावी. ही टीप मी शेकडो वेळा वाचलेली. ती वसतिगृहांसाठी, खेळाच्या मैदानांसाठी असते असं मी धरून चालले होते. हॉटेलातली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, मग त्यांच्या अंघोळी एकमेकींशी कशाला बांधलेल्या असतील? त्या भरतीने बांधल्या होत्या. मिस्त्रींनी हेच सांगितलं होतं.

चूक माझी होती, हे मला शनिवारी सहा वाजता कळलं.

रविवारी सकाळी दहाला मी बोर्डीला पोचले. मिस्त्री आधीच गच्चीवर होते. वरच्या मजल्यावरचा शॉवर उघडला तर पाणी भरपूर. कचरा अडकला असता तर तेव्हाही धार बारीकच आली असती, हे मला कळत होतं आणि बहुधा त्यांनाही. पण मालक जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "कचरा सरकला असेल. कापून बघ." मिस्त्रींनी करवत घेतली. मी शेजारी उभी राहिले. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी मिठाची गुळणी धरून बसले. मनात म्हणत होते, आधी आकडे नीट तपासू, मग बोलू. आकडे तपासून झालेले होते.

त्यांनी दोन एल्बो, म्हणजे वळणावरचे जोड, कापून काढले. आत स्वच्छ. तिसरा कापला. तोही स्वच्छ, फक्त जोडाच्या कडेला पाइप चिकटवायच्या सोल्युशनची वाळलेली बारीक रेघ, नखाएवढी. सगळ्याच प्लास्टिकच्या जोडांत असते, तिने काही अडत नाही. मिस्त्रींनी तो तुकडा उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, बोट फिरवलं. मग मला दाखवत हळूच म्हणाले, "हेच असेल, ताई. माझ्याकडून जास्त लागलं."

तेव्हाही मी बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आयुष्यात पहिल्यांदा चोराच्या जागेवर उभं राहून पाहिलं.

सोमवारी दुपारी मी मालकांच्या ऑफिसात गेले आणि कागद पुढे ठेवला. म्हटलं, पाइप माझ्यामुळे लहान पडला, तीन इंची हवा होता. मिस्त्रींचं काम चोख आहे, त्यांनी मला आधी सांगितलंही होतं. मालकांनी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हसले, चहा मागवला. "चालतं, मॅडम. भूल तर कोणाची पण होते. तीन इंची टाकून घेऊ, मागच्या बिल्डिंगला पण. तोच मिस्त्री राहू दे." बस, एवढंच. शनिवारी ज्या चुकीसाठी एका माणसाचं नाव गावोगाव खराब होणार होतं, तीच चूक माझी निघाल्यावर चहाबरोबर संपली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचा तिथल्या तिथे राग आला.

"मिस्त्रींना मीच सांगते," म्हणून मी वर गच्चीवर गेले. ते कापलेल्या जागी नवे जोड बसवत होते. मी सगळं सांगितलं: भरती, वीस शॉवर, टीप. त्यांनी सोल्युशनच्या डब्याला झाकण लावलं.

"म्हणजे तीन इंचीच पाहिजे होती."

"हो. तुमचं बरोबर होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "शनिवारी," मी म्हटलं. "रविवारी बोलायला हवं होतं. चुकलं माझं, मिस्त्री."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फडक्याने बोटं पुसली, एकेक करून.

"मी आज सकाळी डहाणूला जाऊन आलो, ताई," ते म्हणाले. "चष्म्याच्या दुकानात. म्हटलं, आता जोड दिसत नसेल आपल्याला. त्याने मशीनवर बसवून तपासलं. म्हणाला, नजर चांगली आहे तुमची. मी म्हटलं, पुन्हा एकदा बघा."