गाळलेलं नाव

सारसोळ्याच्या जयदेव मेहेरच्या हातात तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्याचं स्टोअर बरीच वर्षं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याने कुणाचं नाव म्हणून वर जाऊ दिलं नाही. एखाद्याने पाना मोडून परत आणला की जयदेव शेऱ्यात ‘झिजला’ असं लिहायचा. कुणी मोडला, कसा मोडला, हे मालकाने कितीही खोदून विचारलं तरी तो म्हणायचा, “जुनाच होता, साहेब.” कारखान्यातली पोरं त्याच्यावर जीव टाकायची यात नवल नाही. त्याची बायको अरुणा मात्र या चांगुलपणाला वैतागलेली असे. “सगळ्यांवर पांघरूण घालता तुम्ही,” ती म्हणायची, “एक दिवस तुमच्यावर घालायला कुणी उरायचं नाही.” जयदेव हसून सोडून द्यायचा. सोडून देणं हे त्याचं आवडतं काम होतं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मंदीची कुरबूर सगळीकडे सुरू झाली होती, आणि नेमकी तेव्हाच त्याला मोठी नोकरी चालून आली. आणली तबरेज मुकादमने. तबरेज मूळचा म्हसळ्याकडचा, राहायला नेरूळला, आणि महाप्याच्या एका मोठ्या यंत्रांच्या कंपनीत पर्सोनेल खात्यात टायपिस्ट. पनवेलच्या रात्रीच्या कॉलेजात दोघं एका बाकावर बसले होते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी एकाच पुस्तकावर डोकी ठेवून झोपलेही होते. दर रविवारी तबरेज नेरूळच्या मच्छी मार्केटात जयदेवच्या आईच्या, येसूबाईच्या पाटीवर यायचा. घासाघीस करायचा, शिव्या खायचा आणि शेवटी येसूबाई सांगेल तेच घेऊन जायचा. त्याच्यासाठी ती कोलंबीचा एक वाटा बाजूला झाकून ठेवत असे आणि वर त्याला ऐकवतही असे की तुझ्यासाठी कुनी काय ठेवनार हाय रे.

महाप्याच्या कंपनीने नवं गोदाम काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी मुख्य स्टोअरकीपर हवा होता. मुलाखत झाली, ऑफरचं पत्र आलं. पत्रात निवड झाल्याचं लिहिलं होतं, पगार होता, रुजू व्हायची तारीख होती. शेवटी बारीक एक ओळ होती, की रीतसर नेमणूकपत्र रुजू होताना मिळेल. जयदेवने ती ओळ वाचली आणि त्याला जरा खटकलंही. राजीनामा दिल्याशिवाय रुजू होता येणार नव्हतं आणि रुजू झाल्याशिवाय नेमणूक पक्की नव्हती. म्हणून त्याने तबरेजला फोन केला.

“थांब, मी साहेबांना विचारतो,” तबरेज म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. “बिनधास्त टाक राजीनामा. आमचे कदम साहेब बोलले, पक्कं हाय. टेन्शन घेऊ नको, यार.”

जयदेवने राजीनामा टाकला. मालकाने तो स्वीकारलाही, कारण त्याच्या पुतण्याला कुठेतरी चिकटवायचंच होतं. महिनाभराची नोटीस सरली. शेवटच्या दिवशी कारखान्यातल्या पोरांनी पेढे वाटले, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, मालकाने दोन शब्द बोलून जयदेवच्या सचोटीचं कौतुक केलं. पुतण्या तोवर स्टोअरच्या खुर्चीत जाऊन बसला होता.

रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात महाप्याहून दुसरं पत्र आलं. बाजारातील परिस्थितीमुळे गोदामाचा बेत तूर्त रद्द केला आहे, सबब आपणास दिलेली ऑफर मागे घेण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अरुणाने ते हातात धरून म्हटलं, “गैरसोय? पाहुणे उशिरा येणं याला गैरसोय म्हणतात.” घड्याळ अजून खोक्यातच होतं.

तो आधी जुन्या मालकाकडे गेला. मालक चांगला बोलला, चहा पाजला, आणि जागा नाही म्हणाला. मग अरुणाच्या आग्रहाखातर तो वाशीला वामन जोगळेकर वकिलांकडे गेला. वकिलांनी दोन्ही पत्रं वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“तुम्ही तिथे रुजूच झाला नाहीत, म्हणून कामगार कोर्टात तुमची दाद लागणार नाही. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येईल. पण जयदेवराव, तिथे प्रश्न एकच येणार. राजीनामा कुणाच्या शब्दावर दिलात? या पत्रातली शेवटची ओळ तुमच्या विरुद्ध जाते. त्यापुढे कुणी तोंडी सांगितलं असेल, तर सगळा डोलारा त्याच्यावर उभा राहील.”

जयदेवने फोनची हकीकत सांगितली.

“मग आधी कंपनीला एक साधं पत्र लिहा. धमकी नको. नोकरी द्या, नाहीतर दुसरी मिळेपर्यंतचं नुकसान भरून द्या, एवढंच. पण त्यात मुकादमांचं नाव घाला, साहेबांना विचारून त्यांनी सांगितलं हेही घाला. रजिस्टर्ड एडीने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पुढे काही करायचं झालं तर याच पत्रावर येईल सगळं.”

वकिलांनी मसुदा करून दिला. जयदेव तो घेऊन घरी आला, आणि त्याच संध्याकाळी तबरेज दारात उभा. एरवी बाहेरूनच आरोळी मारणारा माणूस चपला नीट लावून आत आला. येसूबाईने पाणी दिलं ते त्याने धरून ठेवलं.

“माझ्यामुळे झालं हे,” तो म्हणाला. “तू पत्र लिहिशीलच. माझं नाव टाक, जयदेव. मी बोललो होतो तुला. टाक नाव.”

“तू अजून टेम्परवारी हायस ना?”

“तर काय झालं?”

“शायमाभाभीला दिवस गेलेत. तुझी नोकरी गेली तर?”

नाव टाक, असं त्याने पुन्हा एकदा म्हटलं, पण यावेळी आवाज जरा खालचा होता, आणि तो खाली आलेला आवाज जयदेवला ऐकू आला. इथेच त्याचं चुकलं. त्याला वाटलं, या माणसाला आपण वाचवायला हवं. वाचवण्याची एकच रीत त्याला ठाऊक होती.

तबरेज गेल्यावर त्याने मसुद्यातली ती दोन वाक्यं खोडली. अरुणाने बघितलं. “अहो, तो स्वतः टाक म्हणाला ना?” तिने विचारलं. “म्हणाला, कारण म्हणायला हवं होतं,” जयदेव म्हणाला. “आपल्याला कळायला नको का?” अरुणा रागाने स्वयंपाकघरात निघून गेली. मग जयदेवने पत्र इंग्रजीत टाइप करून घेतलं. आपल्या पत्रावर विसंबून मी राजीनामा दिला, एवढंच त्यात राहिलं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही नाही. पाना पुन्हा एकदा आपोआप झिजला.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. तेही सभ्य होतं. ऑफरच्या पत्रात नेमणूकपत्र नंतर मिळेल असं स्पष्ट नमूद केलं होतं. त्यापूर्वी राजीनामा देण्याचा सल्ला कंपनीच्या कोणाही व्यक्तीने आपणास दिलेला नाही. निर्णय सर्वस्वी आपला होता. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली शहाजी कदम यांची सही.

जुन्या कारखान्यात टपालही जयदेवच बघायचा, त्यामुळे त्याची नजर सवयीने सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे मजकूर सांगणाऱ्याची आणि तो टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, पुढे पत्राबद्दल काही विचारायचं झालं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. आधी एस. के. पुढे तिरपी रेघ. मग टी. एम.

‘कोणाही व्यक्तीने’ हे शब्द तबरेजनेच टाइप केले होते. जयदेव पत्र घेऊन ओट्यावर बसून राहिला. त्याला राग येईना आणि रडूही येईना. बोटं मशीनवर ठेवून तबरेज त्या शब्दांपाशी थांबला असेल का, एवढंच त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

वकिलांनी उत्तर वाचून मान हलवली. “नाव घालून पुन्हा लिहिता येईल. पण ते विचारतील, पहिल्या पत्रात का नव्हतं? आणि मुकादमांनी आता आपल्याच हाताने नाही असं टाइप केलंय. तुम्हीच सांगा, ते उलट बोलतील?” जयदेवने फी विचारली. वकील म्हणाले, राहू द्या.

पुढे त्याला घाऊक बाजारात एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गोदाम सांभाळायचं काम मिळालं. पगार कमी, मान त्याहून कमी. घर चाललं. अरुणाने शिवणकाम धरलं. तबरेज मार्केटात यायचा बंद झाला. येसूबाई कितीतरी रविवार कोलंबीचा वाटा झाकून ठेवायची आणि बाजार उठताना कुणालातरी देऊन टाकायची.

वर्ष उलटल्यावर एका संध्याकाळी नेरूळच्या बसथांब्यावर तबरेज समोर आला. कडेवर मुलगी होती. जयदेवला वाटलं, हा नजर चुकवून निघून जाईल. तबरेज सरळ त्याच्याकडे आला.

“तू माझं नाव का नाय टाकलंस रे?”

जयदेवला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. “तुझी नोकरी...” तो म्हणाला.

“मी बोललो होतो ना टाक म्हणून? तुझं पत्र आलं तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बोलले, पत्रात कोणाचं नाव नाही, म्हणजे याला कोणी काही सांगितलं नाही, बरोबर ना? आणि मी बोललो, जी साहेब. मग त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं.” मुलगी त्याची कॉलर ओढत होती, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. “तू लिहिलं असतंस तर मला गप्प बसता आलं नसतं. मी खरं बोललो असतो, जयदेव. कसम से, बोललो असतो. आता मला पण माहीत नाय, बोललो असतो का नाय. ते तू मला कळूच दिलं नाहीस.”

बस आली. तबरेज मुलीला सावरत चढला. ‘रविवारी ये, आई वाट बघते’ हे जयदेवच्या ओठांवर होतं, ते तिथेच राहिलं.

घरी येसूबाई दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी पाट्या धूत बसली होती. जयदेवने तिला सांगितलं, तबरेज भेटला होता.

“पोर झाली म्हनं त्याला,” ती म्हणाली. “येनार हाय का रविवारी?”

“नाय, आये.”

“कवापासून बगते मी, दोगं बोलत नाय. काय झालाय तरी काय? चूक कोनाची हाय?”

असल्या प्रश्नाला जयदेवकडे आयुष्यभर एकच उत्तर असायचं, की कुणाचीच नाही, झालं आपलं. अरुणा शिवणयंत्रावर होती, तिने पाय थांबवून त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं, ते उत्तर आता येणारच.

“माझी,” जयदेव म्हणाला.