फिल्टरच्या प्रयोगाला तीन दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत

माझे बाबा दारव्ह्याच्या तहसीलसमोर अर्जनवीस होते. एक टेबल, दोन स्टुलं, एक मराठी टाइपरायटर आणि वर ताडपत्री. शिक्षण सातवी. पण त्यांच्या हातचा अर्ज परत आला असं तालुक्यात कोणी म्हणत नव्हतं, निदान त्यांच्या समोर तरी. त्यांची मुलगी यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला लागली, तेव्हा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची पोरगी तारेत काय चाललं ते न पाहता सांगते." मला ते सांगता येत नव्हतं. पण मीही कधी खोडलं नाही.

तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला फिल्टर डिझाइनचा प्रयोग होता. काम साधं होतं. एक किलोहर्ट्झच्या खालचे सिग्नल जाऊ द्यायचे, वरचे अडवायचे. दोन कॉइल, त्यांच्या मधोमध एक कपॅसिटर, दोन्ही टोकांना सहाशे ओहमचा रोध. आधी कागदावर या भागांच्या किमती, म्हणजे मापं, काढायच्या, मग कॉम्प्युटरवर सर्किट काढून सिम्युलेशन करायचं, म्हणजे ते न जोडताच चालवून बघायचं, आलेख छापायचा, आणि शेवटी टेबलावर खरं सर्किट जोडून मोजमाप घ्यायचं. हे सगळं मंगळवारी जर्नलमध्ये हवं होतं. मंगळवारी जर्नलवर सही नाही, तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. लॅबच्या मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुदतवाढ हवी असेल तर आदल्या दिवशी लेखी अर्ज. तोंडी काहीही ऐकणार नाही, हेही सांगितलं होतं.

किमती माझ्या बरोबर निघाल्या. कॉइल साडेपंच्याण्णव मिलीहेन्री, कपॅसिटर शून्य पूर्णांक त्रेपन्न मायक्रोफॅरड. सिम्युलेशन मात्र चालेना. बटण दाबलं की पडद्यावर ओळी यायच्या: नोड इज फ्लोटिंग. म्हणजे अमुक जोड अधांतरी आहे. एक नाही, सर्किटमधले पाचही जोड अधांतरी. मी सर्किट पुसून पुन्हा काढलं. तीनदा काढलं. कॉम्प्युटर बदलला. त्या वर्षांत दिवसातून कितीतरी तास लाइट जायची, म्हणून लॅबमध्ये सकाळचे दोन तास काय ते आपले. ते दोन तास मी चार दिवस अधांतरी घालवले.

आमच्या बॅचमधल्या बाकी सगळ्यांचं सिम्युलेशन पहिल्या दिवशीच झालं होतं. घाटंजीचा एक पोरगा माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. तो म्हणाला, "तू काहून इतका जीव जाळून राह्यली? सीनियरची फाइल आहे नं. किमती बदल अन् छाप."

"मले नाही पाहिजे."

"बरं. मग बघत बस पडद्याकडे, सिनेमा लागला तर मलेही बोलाव."

फाइल अशी: चार-पाच वर्षांपूर्वीच्या कोण्या पोरानं ते सर्किट काढलं होतं, आणि दर वर्षीची बॅच ते खालच्या बॅचला देत आली होती. कोणी स्वतः काढलेलंच नव्हतं. म्हणून माझी चूक काय आहे, हे बॅचमध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. मी सगळ्यांना ऐकवून बसले होते की मी माझं सर्किट मीच काढीन. आता मॅडमना जाऊन विचारायलाही तोंड नव्हतं. उरला अर्ज.

रविवारी जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेले. म्हटलं, घरात अर्जाचा माणूस असताना मी कायले डोकं खपवू.

बाबांनी कागद टाइपरायटरला चढवला, चष्मा पुसला आणि विचारलं, "कारण सांग."

"सिम्युलेशनमध्ये वारंवार चुका येतात."

"हे कारण नाही, ही तक्रार झाली. कारण म्हणजे वाचणाऱ्याचा हात थांबला पाहिजे." मग ते म्हणाले, "नापिकी लिहू का?"

त्या वर्षी कॉलेजात येणाऱ्या निम्म्या अर्जांत तेच कारण असायचं. फीची मुदत, हजेरी, असाइनमेंट, सगळ्याला कापूस. ज्यांच्या घरी खरोखर गेलं होतं ते लिहीत, आणि ज्यांच्या घरी कुंडीतही काही पेरलं नव्हतं तेही लिहीत.

"बाबा, आपल्याले वावर कुठं आहे?"

"मास्तर लोक सातबारा थोडीच मांगतात."

"ज्याचं खरंच गेलं, तो त्या रांगेत उभा आहे. मी कायले घुसू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या टेबलासमोर ती रांग रोज असायची. मग ते म्हणाले, "ठीक आहे. तुझं कारण कमजोर आहे, पण तुझं आहे. मग पुरावा तगडा लाव. बिनपुराव्याचा खरा अर्ज अन् खोटा अर्ज, साहेबाले सारखाच दिसते."

वहीत मी पडद्यावरच्या सगळ्या ओळी उतरवून आणल्या होत्या. त्यांनी त्या मागितल्या आणि मराठी टाइपरायटरवर एकेक टाइप करायला घेतल्या. 'नोड इज फ्लोटिंग' पाच वेळा. दुसऱ्या वेळी म्हणाले, "हे तर एकच आहे." चौथ्या वेळी म्हणाले, "याच्यापेक्षा ग्रामपंचायतीची मतदारयादी बरी." मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, कोर्टात विचारल्यासारखे. काय काय करून पाहिलं? कोणत्या दिवशी? किमती कोणत्या टाकल्या? कुठं काय जोडलं? मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. अर्ज असा झाला:

"महोदया, वरील विषयान्वये विनंती करते की, फिल्टर डिझाइन प्रयोगातील किमती मी स्वतः काढल्या असून सर्किटही स्वतः काढले आहे. सिम्युलेशन करताना सर्व पाचही जोड अधांतरी असल्याची चूक सतत चार दिवस येत आहे. सर्किट तीन वेळा नव्याने काढले, संगणक बदलला, तरी फरक नाही. स्रोत, कपॅसिटर व शेवटचा रोध या तिन्ही ठिकाणी अर्थिंगचे चिन्ह व्यवस्थित जोडलेले आहे. तरी कृपया तीन दिवसांची मुदतवाढ मिळावी. सोबत: चुकांची यादी, केलेल्या उपायांची यादी, किमतींचे गणित."

"खाली 'आपली आज्ञाधारक' लिहू?"

"नको. 'आपली विद्यार्थिनी' लिहा."

"मोठी आली," ते म्हणाले, पण तसंच लिहिलं.

सोमवारी सकाळी मी तो तीन पानांचा अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम अमरावतीच्या. कडक होत्या, पण त्यांच्या ओठांच्या कुठल्या तरी कोपऱ्यात हसू बसलेलं असायचं. त्यांनी विषय वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा अर्ज माझ्याकडे आहे की कलेक्टरकडे?"



त्या पुढे वाचू लागल्या. पाच ओळींच्या यादीपाशी त्यांनी पेन काढला, तिथून तिसऱ्या पानावर गेल्या, परत पहिल्यावर आल्या आणि 'अर्थिंगचे चिन्ह' या शब्दांखाली रेघ मारली.

"अर्थिंगचं चिन्ह कोणतं जोडलंस? काढून दाखव."

मी अर्जाच्या मागच्या बाजूला काढलं. उभी रेघ आणि तिच्याखाली आडव्या तीन रेघा, लहान लहान होत गेलेल्या.

"हेच का घेतलंस? कॉम्प्युटरच्या यादीत चार-पाच होती."

आता खरं सांगायला हवं होतं. आमच्याकडे खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, गेला की लोक अंगणात लोखंडी सळई ठोकायचे, तिच्यावर बादलीभर पाणी ओतायचे, आणि एक तार तिला जोडून दिवा लावायचे. करू नये, जीव जातो, पण करायचे. जमीन म्हणजे परतीची वाट, हे मी पुस्तकाच्या आधी अंगणात शिकले होते. म्हणून यादीत जमिनीसारखं दिसणारं चिन्ह दिसल्यावर मी दुसरीकडे पाहिलंच नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अन् इथं सळई कुठं ठोकली? मॉनिटरमध्ये?"

शेजारच्या टेबलावरचे सर खोकल्यासारखं हसले.

"कॉम्प्युटरला जमीन नसते, बाई," मॅडम म्हणाल्या. "त्याला फक्त एक जोड सांगावा लागतो, की हा शून्य. बाकी सगळं व्होल्टेज त्या शून्यापासून मोजायचं. तुझं चिन्ह त्याच्या लेखी नुसतं एक नाव आहे. तिन्ही जागा त्यानं एकमेकींना जोडल्या, पण शून्य कुठंच नाही. मग मोजायचं कुठून? म्हणून पाचही अधांतरी. एखादाच असता तर तार सुटली म्हटलं असतं. सगळेच आहेत म्हणजे शून्य नाही. हे तुझ्या यादीवरूनच कळलं."

"मग फाइलवाल्यांचं कसं चाललं?"

"कोणती फाइल?"

मी अर्जाची पानं जुळवू लागले. मॅडमनीही मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांना ती फाइल माहीत होती, हे मला तेव्हाच कळलं.

लाइट जायला वीस मिनिटं होती. मी धावत लॅबमध्ये गेले, ती तीन चिन्हं पुसली, शून्याचं चिन्ह तीन जागी बसवलं, बटण दाबलं. रेघ आली. खालच्या सिग्नलांना वजा सहा डेसिबलवर सपाट, आणि एक किलोहर्ट्झला वजा नऊ. तीनचा फरक, जसा हवा तसा. घाटंजीचा पोरगा वाकून बघत म्हणाला, "लागला का सिनेमा?"

"लागला. तुझ्या फाइलमध्ये शून्य कुठं आहे, दाखव बरं."

त्यानं दोन मिनिटं शोधलं. मग म्हणाला, "असेल कुठं तरी."

आलेख घेऊन मी मॅडमकडे परत गेले. त्यांनी तो पाहिला आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "आता मुदतवाढ कशाला? चूक तर निघाली."

"मॅडम, टेबलावरचं सर्किट राहिलंय. कॉइलची पेटी एकच आहे. उद्या दिवसभर ती दुसऱ्या बॅचकडे आहे."

"ही गोष्ट अर्जात कुठं आहे?"

"नाही लिहिली."

"तीन पानं लिहिली अन् कामाची ओळ राहिली." त्यांनी अर्ज पुन्हा आपल्याकडे ओढला. "एक दिवस. बुधवारी चारला. तीन दिवस कोणासाठी हवे होते, सळईसाठी का?"

बुधवारी मी सर्किट जोडलं. या वेळी रेघ एक किलोहर्ट्झच्या किंचित अलीकडेच खाली पडू लागली, आणि सपाट भागही थोडा खाली आला. मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, कॉइलच्या तारेला स्वतःचा रोध असतो, तो कॉम्प्युटरला मी सांगितला नव्हता. त्यांनी मान हलवली आणि सही केली. सहीखाली बुधवारची तारीख टाकली आणि लाल शाईनं लिहिलं, 'मुदतवाढीसह'.

ते जर्नल अजून माझ्याकडे आहे. त्या बॅचमध्ये तो लाल शब्द फक्त माझ्याच जर्नलात आहे, आणि बाबांनी आल्या-गेल्याला तेच पान उघडून दाखवलं.