मान वळवते तो शॉट

सहदेवदादांशी मी दोन वर्षं भांडले आणि बहुतेक वेळा चूक त्यांचीच होती. फाइलला धड नाव द्यायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. ठाण्यातल्या खोपटच्या आमच्या स्टुडिओतले ते सगळ्यात जुने ॲनिमेटर. टिटवाळ्याला एकटे राहायचे, डबाही एकटेच खायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आमचं काय, मजेत."

'कडी' ही आमची छोटी फिल्म पूर्ण झाली. एक म्हातारी दाराकडे डोळे लावून बसते आणि शेवटी नातू येतो, एवढीच गोष्ट. टीझर कापायचं माझ्याकडे आलं. डायरेक्टर शिवानी म्हणाली, "फास्ट ठेव. ढोलकीच्या प्रत्येक ठोक्यावर कट. म्हातारी मान वळवते तो शॉट फार लांबतोय, उडव."

तो शॉट सहदेवदादांचा, त्यांनी हट्टाने स्वतःकडे मागून घेतलेला. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "विनिता, बाकी काहीही काप. एवढा ठेव गं."

"दादा, टीझर आहे! वाट बघत बसायला वेळ आहे का कोणाला?" मी वैतागलेच.

तरी तो अर्धा करून ठोक्यावर बसवून पाहिला. पार वाटोळं झालं. त्यात आधी नुसते डोळे सरकतात, मग मान वळते. मधलं कापल्यावर म्हातारी दचकल्यासारखी दिसायला लागली. बरं, अख्खा घ्यावा तर फिल्ममध्ये तो आधीच्या दृश्यातून हळूहळू उमटतो, म्हणजे सुरुवातीला दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळलेली. स्वच्छ शॉट हवा म्हणून दादांचं फोल्डर उघडलं. फायनल लिहिलेल्या फाइलमध्ये म्हातारी नाहीच, स्वतः दादा!

हालचाल नीट कळावी म्हणून ॲनिमेटर आधी स्वतः करून मोबाइलवर शूट करतात. या बाबाने तो व्हिडिओच फायनलच्या नावाने ठेवलेला. टिटवाळ्याची खोली, डोक्यावर पदरासारखा टॉवेल. डोळे सरकले, मान वळली, शॉटपुरतं काम झालं. पण दादा दाराकडे बघतच राहिले. मागे कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाहीत. मला रडूच आलं.

खरा शॉट दुसऱ्या फोल्डरमध्ये सापडला. तो मी पूर्ण ठेवला आणि तेवढ्यापुरती ढोलकी बंद केली. मान वळते, दार उघडायच्या आत काळा पडदा, मग एकच ठोका आणि त्यावर 'कडी' ही अक्षरं. नातू दाखवायचाच नाही, नाहीतर फिल्म कोण बघेल? शिवानीने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "चल, राहू दे."

मग दादांना बोलावलं. ठोका पडला, नाव आलं, संपलं. ते स्क्रीनसमोर तसेच उभे.

"कोणी येत नाही यात," ते म्हणाले.

"टीझर आहे ना दादा. फिल्ममध्ये येतो की नातू."

"हो, फिल्ममध्ये येतो." त्यांनी डबा पिशवीत टाकला. "पण खरं हेच वाटतं गं."